संग्रहालयाची अभिप्राय वही टेबलमध्ये कशी उतरवायची: सही, गाव, तारीख, शेरा, सगळं शोधता येईल असं

तालुक्याच्या किंवा तीर्थाच्या गावातल्या छोट्या संग्रहालयात दाराजवळच्या टेबलावर एक लांबडी वही असते, बाहेर पडताना माणसं तिच्यात नाव, गाव, तारीख आणि दोन ओळी लिहून जातात. अशा वह्या भरल्या की कपाटात जातात आणि नंतर कुणी विचारलं की १९८० च्या आसपास परभणीकडची माणसं किती यायची, किंवा नाण्यांबद्दल कुणी काय लिहिलंय, तर सांगता येत नाही कारण पान-पान उलटावं लागतं. ती वही टेबलमध्ये कशी आणायची ते इथं सविस्तर सांगतो, आणि त्यातही जास्त वेळ गावाच्या कॉलमवर घालवणार आहे, कारण मराठवाड्यातल्या वहीत खरी गुंतागुंत तिथंच असते.

सगळ्या कामाचा पाया एकच आहे. वहीत जे लिहिलंय ते एका कॉलममध्ये जसंच्या तसं, आणि आपण त्याचा जो अर्थ लावला तो शेजारच्या वेगळ्या कॉलममध्ये. तारखेला दोन कॉलम, नावाला दोन, गावाला दोन. पहिल्या कॉलमला एकदा तपासून झाल्यावर हात लावायचा नाही, दुसरा कॉलम कितीही वेळा बदला. हे पाळलं नाही तर सहा महिन्यांनी टेबलमध्ये "छत्रपती संभाजीनगर" दिसतं आणि लिहिणाऱ्यानं औरंगाबाद लिहिलं होतं का इंग्रजीत काहीतरी वेगळं लिहिलं होतं, ते परत वही काढल्याशिवाय कळत नाही.

आधी फोटो

वहीवरून थेट टायपिंग करू नका. वही पुन्हापुन्हा हाताळली की शिवण सैल होते, आणि शंका आली की त्याच ओळीवर परत जाता आलं पाहिजे, ते फोटोवरून सोपं जातं. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल पानाच्या बरोबर वर सरळ धरून काढायचे. वही पूर्ण उघडत नसेल तर दाबू नका, उघडत नसलेल्या बाजूला खाली दुसरं पुस्तक ठेवून आधार द्या आणि एका वेळी एकच पान घ्या. पानाच्या चारी कडा फोटोत यायला पाहिजेत, कारण जागा संपली की लोक कडेला उभं लिहितात आणि तीच ओळ कापली जाते.

फोटोचं नाव वही आणि पानावरून द्यायचं, `V02_P034.jpg` म्हणजे दुसरी वही, चौतीसावं पान. वहीवर पान नंबर छापलेले नसले तर संग्रहालयाच्या माणसाला विचारून कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं टाका, पेननं नाही. कोरं पान आलं तरी त्याचा फोटो काढून नंबर द्यायचा, नाहीतर पुढं कुणीतरी म्हणणार की मधलं पान राहिलं.

जिथं शाई उडालीय किंवा पेन्सिलीचं लिहिलेलं पुसट झालंय तिथं टॉर्च पानाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि त्या उजेडात आणखी एक फोटो घ्या. बॉलपेन जोरात दाबून लिहायची सवय जुन्या लोकांना असते, शाई गेली तरी कागदातला खड्डा राहतो आणि आडव्या उजेडात तो सावलीनं दिसतो.

एक ओळ म्हणजे काय

टायपिंग सुरू करायच्या आधी हे ठरवून घ्या. माझं ठाम मत असं की एक सही म्हणजे एक ओळ. चार जणांनी मिळून एक अभिप्राय लिहून खाली चार सह्या केल्या तर चार ओळी होतील, पण अभिप्रायाचा मजकूर फक्त पहिल्या सहीच्या ओळीत टाकायचा आणि बाकी तीन ओळींत त्या पहिल्या नोंदीचा क्रमांक द्यायचा. मजकूर चारही ठिकाणी चिकटवला तर "पिण्याच्या पाण्याची सोय करावी" ही एकच मागणी मोजताना चार दिसते.

शाळेच्या सहलीचं वेगळं. "इयत्ता ७ वी ची ४५ मुले व ३ शिक्षक" असं लिहून खाली मुख्याध्यापकांची एक सही असते, ती एकच ओळ, आणि संख्येच्या कॉलममध्ये 48. पण "सहकुटुंब" किंवा "मित्रमंडळींसह" असं असेल तर संख्या कोरी ठेवा, अंदाजानं पाच टाकू नका. एखाद्या पानावर लेकरांनी एकाखाली एक नुसती नावं लिहिलेली असतात, ती मात्र प्रत्येकी एक ओळ, कंटाळा आला तरी, कारण तीच लेकरं आज पन्नाशीची आहेत आणि आपलं नाव शोधायला तीच येतात.

प्रत्येक ओळीला क्रमांक द्या: `V02-P034-07`, म्हणजे दुसरी वही, पान चौतीस, वरून सातवी नोंद. नुसतं 1, 2, 3 देऊ नका. मधेच एखादी ओळ सुटलेली सापडली की सगळे नंबर सरकतात, आणि हा क्रमांक असला की फोटो कोणता उघडायचा ते आपोआप कळतं.

टेबलाची मांडणी

गुगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्क, काहीही चालेल, मी पुढचे फॉर्म्युले गुगल शीट्स धरून देतोय. शीटचं नाव `नोंदी` ठेवा. कॉलम असे: A नोंद क्रमांक, B फोटोचं नाव, C तारीख वहीतली, D तारीख प्रमाण, E उपाधी, F नाव वहीतलं, G नाव वाचलेलं, H गाव वहीतलं, I गाव प्रमाण, J तालुका, K आजचा जिल्हा, L हल्ली मुक्काम, M अभिप्राय, N कोणत्या नोंदीचा अभिप्राय, O अभिप्रायाचा प्रकार, P लिपी, Q संख्या, R शंका आणि टीप. बघायला जास्त वाटतात पण प्रत्येक ओळीत सगळे भरायचे नसतात.

टायपिंग सुरू करायच्या आधी C आणि D कॉलम सिलेक्ट करून त्यांचा फॉरमॅट प्लेन टेक्स्ट करा. हे नंतर करून उपयोग नाही. साध्या सेलमध्ये 5/6/79 टाकलं की शीट त्याची स्वतःच्या मनानं तारीख बनवते, सेटिंग अमेरिकेचं असेल तर ५ जूनचा ६ मे होतो आणि मूळ काय लिहिलं होतं ते गेलेलं असतं. एक्सेलमध्ये तर दोन आकडी सालाचं शतक ते स्वतःच ठरवतं, लहान आकड्याला 20 आणि मोठ्या आकड्याला 19 लावतं, म्हणजे कुणी नुसतं "२८" लिहिलेलं जुनं पान शंभर वर्षं पुढं जाऊ शकतं.

E कॉलम म्हणजे श्री., सौ., कु., प्रा., ह.भ.प., अॅड. वगैरे. हे नावाला चिकटवून ठेवलं तर क्रम लावल्यावर सगळ्या सौ. एकत्र आणि सगळे श्री. एकत्र येतात, आडनावानं काही सापडत नाही. पण टाकून पण देऊ नका, कारण गावाहून दिंडीबरोबर आलेले ह.भ.प. किती होते हे विचारणारा कुणीतरी भेटतोच.

तारीख वाचणं

वहीत मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतात, कधीकधी एकाच तारखेत. मराठी १ ला मोठी शेपटी असली की तो इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ७ आणि इंग्रजी 6 ची गफलत होते, घाईत लिहिलेला ५ आणि ४ सारखाच वाटतो. एकटी तारीख बघून निकाल लावायचा नाही. वहीचा फायदा असा की माणसं साधारण क्रमानं येत जातात, म्हणून वरची नोंद १० जानेवारीची आणि खालची १४ ची असेल तर मधली "९१/१/८३" सारखी दिसणारी तारीख ११/१/८३ आहे. C मध्ये मराठी आकडे असतील तर मराठीच टायपा, D मध्ये मात्र कायम इंग्रजी आकड्यांत साल-महिना-दिवस: 1983-01-11. हा फॉर्म साध्या टेक्स्टमध्ये पण बरोबर क्रमानं लागतो. शिवाय सर्चला १९८३ आणि 1983 या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, म्हणून शोधायचा कॉलम एकाच आकड्यांत पाहिजे.

जानेवारीतल्या पहिल्या पंधरवड्यात लोक सवयीनं मागचं साल लिहितात. C मध्ये तसंच ठेवा, D मध्ये दुरुस्त साल द्या आणि R मध्ये "आधीच्या-नंतरच्या नोंदींवरून" असं लिहा. कुणी शके लिहिलं असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवायचे, आणि शकाचं साल पाडव्याला सुरू होत असल्यानं पौष, माघ, फाल्गुनात बहुतेक वेळा ७९. पैठणसारख्या ठिकाणी "नाथषष्ठी १९८१" एवढंच लिहिलेलं सापडू शकतं, ती फाल्गुन वद्य षष्ठी, पण त्या वर्षीचं पंचांग हातात येईपर्यंत D मध्ये फक्त 1981 ठेवा. दिवस माहीत नसताना 01-01 टाकायची सवय फार वाईट, नंतर बघणाऱ्याला वाटतं एक जानेवारीला संग्रहालयात जत्रा भरायची.

तारखा भरून झाल्या की एका रिकाम्या कॉलमच्या तिसऱ्या ओळीत हे टाकून खाली ओढा:

```
=IF(AND(D2<>"",D3<>"",D3<D2),"तपासा","")
```

जिथं "तपासा" येईल तिथं फोटो उघडून बघा. बहुतेक ठिकाणी आकडा चुकलेला निघतो, काही ठिकाणी खरंच कुणीतरी मागं राहिलेल्या कोऱ्या जागेत लिहून गेलेलं असतं, ते तसंच ठेवून टीप द्यायची.

सही आणि नाव

हाताच्या लिखाणात ठराविक अक्षरं फसवतात: ख आणि रव, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. घुले का धुले, मोरे का भोरे, असा प्रश्न पडला की त्याच माणसानं अभिप्रायात तेच अक्षर दुसऱ्या शब्दात कसं काढलंय ते बघा. "भेट", "भारी", "महाराष्ट्र", "माहिती" हे शब्द अभिप्रायात हमखास असतात, त्यामुळं भ आणि म चा निकाल तिथंच लागतो. जालना जिल्ह्यातलं घनसावंगी कितीतरी जणांच्या हातचं धनसावंगी दिसतं, तिथं F आणि H मध्ये काय टायपायचं? अक्षर नुसतं फसवं असेल तर बरोबर ते टायपा. पण माणसानं स्पष्टपणे वेगळं लिहिलं असेल, समजा "उस्मनाबाद", तर तसंच ठेवा.

नुसती सही असेल आणि ती वाचता येत नसेल तर F मध्ये `[वाचता येत नाही]`. थोडं वाचता येत असेल तर जेवढं येतं तेवढं आणि पुढं `[शंका]`. इथं प्रश्नचिन्ह वापरू नका असं मी मुद्दाम सांगतो, कारण एक्सेलच्या शोधात ? म्हणजे "कोणतंही एक अक्षर" असा अर्थ होतो, तुम्ही शंकेच्या ओळी शोधायला जाल आणि सगळी शीट समोर येईल. शब्द ठरवला की तो अख्ख्या कामात एकच ठेवा, एका ठिकाणी शंका, दुसरीकडं संशय, तिसरीकडं अस्पष्ट असं झालं की फिल्टरचा उपयोग संपला.

आपल्याकडच्या वहीत लिप्या पण बऱ्याच. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत होता, शाळेत उर्दू शिकलेली मराठी माणसं पण नंतर कितीतरी वर्षं उर्दूत सही करायची. म्हणून उर्दू सही दिसली की माणसाचा धर्म किंवा गाव त्यावरून ठरवू नका. देगलूर, बिलोली, धर्माबादकडचे काही तेलुगूत लिहितात, उदगीर, उमरग्याकडचे कन्नडमध्ये, आणि जुन्या वहीत एखाद्या म्हाताऱ्या माणसाची मोडीत सही असते. F मध्ये शक्य असेल तर त्याच लिपीत टायपा, G मध्ये देवनागरीत, P मध्ये लिपीचं नाव. मोडीचं थेट देवनागरीत लिहून P मध्ये "मोडी" म्हणलं तरी चालतं, मात्र मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा दाखवत नाहीत, तेव्हा "वीनायक" दिसलं तर G मध्ये विनायक लिहून टीप द्या. उर्दू मजकूर आणि तारीख एकाच सेलमध्ये कधीच टाकू नका, उर्दू उजवीकडून डावीकडं जात असल्यानं आकडे स्क्रीनवर जागा बदलून बसतात आणि कॉपी करताना भलतंच होतं. आपल्याला वाचता येत नसेल तर गावात वाचणारी माणसं असतात, त्यांना फोटो दाखवा, अंदाज लावू नका.

"वरीलप्रमाणे" किंवा दोन टिंबांची खूण असेल तर C, H मध्ये ती खूण तशीच ठेवायची आणि D, I मध्ये वरचं मूल्य भरायचं. कोरं सोडलं तर त्या पन्नास माणसांचं गाव शोधात कधीच येणार नाही.

गावाचा कॉलम

इथं घाई करू नका. H मध्ये गावाबद्दल जे जे लिहिलंय ते सगळं टाका, "मु.पो. परतूर जि. परभणी" असं पूर्ण. जिल्हा वेगळा काढू नका, चुकीचा वाटला तर दुरुस्त तर अजिबात करू नका.

कारण तो चुकीचा नसतो. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधी परतूर परभणीत होतं आणि अंबड, भोकरदन औरंगाबादेत. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ चा, त्याआधी औसा, निलंगा, उदगीर सगळे उस्मानाबादेत. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून निघाला, म्हणून १९९५ च्या पानावर "कळमनुरी जि. परभणी" हेच बरोबर. त्याहून जुनं काही हाती लागलं तर अंबाजोगाईचं मोमिनाबाद दिसेल. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. K कॉलमचं नाव "आजचा जिल्हा" असं मुद्दाम ठेवलंय, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा आपण लावलेला आजचा हिशोब आहे.

या लिखाणाचा एक फायदा पण आहे. तारीख पुसट असेल आणि "लातूर जि. उस्मानाबाद" लिहिलेलं असेल तर पान बहुतेक १९८२ च्या आधीचं. बहुतेक म्हणतोय कारण माणसं जुन्या जिल्ह्याचं नाव पुढं काही वर्षं लिहीत राहतात, उलट दिशेनं मात्र भरवसा पक्का आहे, "जि. लातूर" लिहिलेलं पान १९८० चं असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

आता I, J, K एकेक ओळ हातानं भरायचे नाहीत. दुसरी शीट करा, नाव `गावं`. A मध्ये वहीतला मजकूर, B प्रमाण गाव, C तालुका, D आजचा जिल्हा. वहीतले सगळे वेगवेगळे मजकूर एकदाच काढायला एखाद्या तात्पुरत्या शीटमध्ये हे टाका:

```
=ARRAYFORMULA(SORT(UNIQUE(TRIM('नोंदी'!H2:H))))
```

जी यादी येईल ती कॉपी करून `गावं` शीटच्या A मध्ये फक्त मूल्यं म्हणून पेस्ट करा. फॉर्म्युला तिथंच ठेवून शेजारी हातानं तालुके भरत बसलात तर एक नवीन गाव आलं की यादी एक घर खाली सरकते आणि तुम्ही भरलेले तालुके जागेवरच राहतात, म्हणजे सेलूच्या पुढं सोयगाव आणि तालुका भलताच. ही गडबड डोळ्याला दिसत नाही, म्हणून आधीच सांगितली.

मग `नोंदी` शीटच्या I2 मध्ये:

```
=IFERROR(VLOOKUP(TRIM(H2),'गावं'!A:D,2,FALSE),"")
```

J2 मध्ये हेच, फक्त FALSE च्या आधीच्या 2 च्या जागी 3, K2 मध्ये 4, आणि तिन्ही खाली ओढा. वरीलप्रमाणेच्या ओळींत फॉर्म्युला काढून I, J, K हातानं भरा. I कोरं दिसलं म्हणजे तो मजकूर यादीत अजून आलेला नाही.

यादी क्रमानं लागलेली असल्यामुळं टायपिंगच्या चुका पण इथंच उघड होतात, "वसमत", "वसमतनगर" जवळजवळ येतात, "बसमत" मात्र ब मध्ये जातं, ते वेगळं शोधा. हे तिन्ही A मध्ये राहणार, B मध्ये तिन्हींपुढं वसमत.

अवघड असतं ते एकाच नावाची दोन गावं. कळंब धाराशिवमध्ये आहे आणि यवतमाळमध्ये पण. सेलू परभणीत आहे, वर्ध्यात पण. वाशी म्हणजे धाराशिवचा तालुका का नवी मुंबईतलं? अंबड जालन्याचं का नाशिकचं? H मध्ये पूर्ण मजकूर ठेवल्याचा फायदा इथं मिळतो, "कळंब जि. उस्मानाबाद" आणि नुसतं "कळंब" या यादीत दोन वेगळ्या ओळी होतात. पहिलीला तालुका भरा, दुसरीच्या B मध्ये कळंब आणि C, D मध्ये "तपासा". नंतर अशा नोंदी एकेक करून बघायच्या: आजूबाजूच्या सह्या कुठल्या आहेत, त्याच दिवशी त्याच अक्षरात दुसऱ्या कुणाचं पूर्ण गाव आहे का, अभिप्रायात काही धागा आहे का. सापडलं तर त्या ओळीतला फॉर्म्युला काढून हातानं लिहा आणि R मध्ये कारण द्या. नाही सापडलं तर "तपासा" तसंच राहू द्या, संग्रहालय मराठवाड्यात आहे म्हणून कळंब पण आपलंच असणार असं धरलं तर पुढं कुणी नकाशा काढेल तेव्हा सगळं जवळचंच दिसेल आणि लांबून आलेली माणसं गायब होतील.

खेड्यांच्या बाबतीत तर पिंपळगाव, पिंपरी, वडगाव अशी नावं तालुक्यागणिक आहेत. तालुका लिहिलेला असेल तर केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत, म्हणजे `lgdirectory.gov.in` वर, तालुका निवडून गावाचं प्रमाण नाव आणि कोड मिळतो. कोड `गावं` शीटमध्ये पाचव्या कॉलमला टाकून ठेवा, नाव बदललं तरी गाव ओळखता येतं.

"रा. चाकूर, ह.मु. पुणे" हा प्रकार आपल्या वह्यांमध्ये भरपूर सापडतो. इथं मात्र अपवाद म्हणून H मध्ये फक्त "रा. चाकूर" आणि L मध्ये "पुणे". उलट लिहिलेलं असलं, आधी पुणे आणि मग "मूळ गाव चाकूर", तरी हेच. गाव सोडून गेलेली माणसं सुट्टीत परत आली की संग्रहालयात येतात, हे L कॉलमवरून फार छान दिसतं.

एक पान उतरवून बघू

हे नमुन्याचं पान मी बनवलंय, नावं काल्पनिक आहेत, पण घोटाळे खरेखुरे असतात तसेच. वहीत असं आहे: पहिली नोंद "श्री. ग. भा. मोरे, मु.पो. परतूर जि. परभणी, १०/१/८१, जुनी नाणी पाहून आनंद वाटला. आमच्या शेतात अशीच दोन सापडली होती." दुसरी, खाली "सौ. मोरे", गाव आणि तारखेच्या जागी दोन टिंबं. तिसरी उर्दू सही, पुढं इंग्रजीत औरंगाबाद, तारीख 11/1/80. चौथी "जि.प. शाळा, सेलू, ३८ मुले, लाईटची सोय करावी", तारीख १४/१/८१.

| क्रमांक | तारीख वहीत | तारीख प्रमाण | नाव वाचलेलं | गाव वहीत | आजचा जिल्हा | संख्या | टीप |
|---|---|---|---|---|---|---|---|
| V02-P034-01 | १०/१/८१ | 1981-01-10 | ग. भा. मोरे | मु.पो. परतूर जि. परभणी | जालना | 1 | तेव्हा परतूर परभणीत |
| V02-P034-02 | ,, | 1981-01-10 | मोरे | ,, | जालना | 1 | गाव, तारीख वरून |
| V02-P034-03 | 11/1/80 | 1981-01-11 | [वाचता येत नाही] | Aurangabad | छत्रपती संभाजीनगर | 1 | उर्दू सही, साल शेजारच्या नोंदींवरून |
| V02-P034-04 | १४/१/८१ | 1981-01-14 | | सेलू | तपासा | 38 | शाळेची सहल |

चौथ्या ओळीत सेलू परभणीचं असण्याची शक्यता मोठी आहे, एवढ्या मुलांची सहल वर्ध्याहून यायला लांब पडतं, पण अशक्य नाही. मी "तपासा" ठेवीन आणि वहीत पुढं कुठं त्याच शाळेचा शिक्का किंवा जिल्हा सापडतो का ते बघीन. शाळेचं नाव F मध्ये गेलंय, G कोरं, कारण माणसाचं नाव नाहीच. शिक्षक किती ते लिहिलं नाही म्हणून 38 च.

अभिप्राय

M मध्ये शब्द न् शब्द, अशुद्ध असलं तरी. O मध्ये प्रकार फक्त चार ठेवा: कौतुक, सूचना, तक्रार, माहिती. जास्त केले की कोणता कुठं टाकायचा यावरच वेळ जातो. चौथा प्रकार सगळ्यात मोलाचा, वरच्या नमुन्यातल्या मोरे यांनी शेतात नाणी सापडल्याचं लिहिलंय तसं. तेर किंवा पैठणच्या परिसरात शेत नांगरताना जुन्या वस्तू सापडतात आणि माणूस ते कुठल्या ऑफिसात जाऊन सांगत नाही, इथं सहज लिहून जातो. अभिप्रायात कौतुक आणि माहिती दोन्ही असेल तर O मध्ये माहितीच टाका, कौतुक तसंही सगळीकडं असतं.

शोध लागला पाहिजे

टायपिंग युनिकोडमध्येच पाहिजे, मोबाईलचा मराठी कीबोर्ड किंवा कॉम्प्युटरवरचा इन्स्क्रिप्ट. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं तर दिसायला मराठी आणि आत इंग्रजी अक्षरं असतात, शोधात काहीच येत नाही. युनिकोडमध्ये पण एक अडचण राहते. "ॲड." मधला ॲ दोन पद्धतीनं टाइप होतो आणि दोन्ही सारखेच दिसतात, "शेतकऱ्यांनी" मधला अर्धा र काही कीबोर्ड एका अक्षरानं करतात आणि काही न दिसणारं एक चिन्ह मध्ये घालून. म्हणून शेवटी S हा शोधाचा कॉलम करा:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(TRIM(G2&" "&H2&" "&I2&" "&M2),UNICHAR(8205),""),UNICHAR(8204),""),"अॅ","ॲ"),"ऱ","र")
```

यानं न दिसणारी चिन्हं जातात आणि दोन्ही रूपं एक होतात. हा कॉलम वाचायचा नाही, फक्त शोधायचा. शोधताना मात्र ऱ्या ऐवजी साधा र्या टाइप करा. आणि लहान तुकडा शोधा: "नाणी", "नाणे", "नाण्यांचा" तिन्ही सापडायला "नाण" एवढंच पुरतं.

तपासणी आणि वही परत देताना

ज्यानं टायपलं त्यानंच तपासायचं नाही, आपल्याच डोळ्याला आपलं वाचलेलं बरोबर वाटतं. दुसऱ्या माणसानं दर दहा पानांमागं एक पान मनानं निवडून, टेबल न बघता, फोटोवरून परत टायपायचं आणि मग दोन्ही जुळवायचे. नाव आणि गावात फरक जास्त दिसले तर ती दहाही पानं परत. अभिप्रायात एखादी वेलांटी वेगळी असेल तर एवढं मनावर घेऊ नका.

लोकांनी मोबाईल नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, विशेषतः अलीकडच्या पानांवर. ते या टेबलात आणूच नका. संग्रहालयाला पाहिजे असतील तर वेगळ्या फाइलमध्ये, नोंद क्रमांकासह, आणि ती फाइल संग्रहालयातच. कुणाला टेबल द्यायचं असेल तेव्हा गाव, तारीख, अभिप्राय द्या, अलीकडच्या वर्षांची नावं काढून द्या, आणि त्या पानांचे फोटो पण बरोबर जाणार नाहीत एवढं बघा, कारण नंबर फोटोत आहेतच.

फाइल शीट म्हणून आणि सीएसव्ही म्हणून अशी दोन्हीकडं ठेवा. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की मराठीचं पार वाटोळं झालेलं दिसू शकतं. फाइल बरोबर असते, उघडायची पद्धत चुकलेली असते: डेटा मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणायचा पर्याय घ्या आणि तिथं `65001: Unicode (UTF-8)` निवडा. हे वाक्य, कॉलमांची नावं, `[शंका]` चा अर्थ आणि "आजचा जिल्हा" कोणत्या सालचा धरलाय ते, एवढं सगळं तिसऱ्या शीटवर `माहिती` नावानं लिहून ठेवा आणि त्याच शीटची एक प्रिंट काढून वहीच्या पहिल्या पानात सरकवून द्या, चिकटवू नका.